पहिल्या शिक्षकपदाच्या अर्जात इंटर्नशिपचा अनुभव कसा मांडावा

प्रश्न : माझे बी.एड. नुकतेच पूर्ण झाले आहे आणि मी पहिल्यांदाच शिक्षकपदासाठी अर्ज करत आहे. अनुभव म्हणून माझ्याकडे फक्त इंटर्नशिप आहे. अर्जासोबतच्या पत्रात ती कशी लिहावी, म्हणजे वाचणाऱ्याला ती नुसती अभ्यासक्रमाची अट वाटणार नाही?

उत्तर :

संपूर्ण इंटर्नशिपचा आढावा पत्रात घेऊ नका. तिच्यातला असा एकच प्रसंग निवडा, ज्यात विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून तुम्हाला काहीतरी दिसले, त्यामुळे तुम्ही ठरवलेला पाठ बदलला आणि त्या बदलाने काय झाले हे तुम्ही तपासले. पत्रातला मधला, सर्वांत मोठा परिच्छेद या एका प्रसंगाला द्या. किती पाठ घेतले, कोणत्या इयत्ता शिकवल्या, कोणत्या उपक्रमांत भाग घेतला, हे परिचयपत्रात एकेका ओळीत येते आणि ते तिथेच असू द्यावे.

मी बरीच वर्षे गणित शिकवले, त्यानंतर छात्रशिक्षकांना मार्गदर्शन केले आणि निवड समितीवर बसून नव्या उमेदवारांचे अर्जही वाचले. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याकडे इंटर्नशिपशिवाय दुसरा अनुभव नसणार, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे अनुभव किती दिवसांचा आहे यावर पत्राचे बरेवाईट ठरत नाही. वर्गात उभे असताना या उमेदवाराचे लक्ष कुठे असते, हे आम्ही पत्रात शोधत असतो. नव्या उमेदवारांच्या बहुतेक पत्रांत प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ असतो: मी शिकवले, मी साधने वापरली, मी कौशल्ये आत्मसात केली. विद्यार्थी येतात ते अगदी शेवटी, ‘विद्यार्थ्यांमध्ये विषयाची गोडी निर्माण झाली’ एवढ्या एका वाक्यापुरते. असे पत्र लिहिणाऱ्याने चांगले शिकवले नसेल असे मुळीच नाही, पण चांगले शिकवले असल्याची खूण त्या पत्रात सापडत नाही.

लिहायला बसण्यापूर्वी इंटर्नशिपची दैनंदिनी, पाठ टाचणे आणि मार्गदर्शक शिक्षकांनी पाठाच्या निरीक्षणात लिहिलेले शेरे समोर घ्या. नुसत्या आठवणीवर विसंबलात तर बहुधा मूल्यमापनाचा अंतिम पाठ आठवेल, कारण त्यासाठी तक्ता केला होता, प्रतिकृती बनवली होती आणि मागच्या बाकावर परीक्षक बसले होते. पत्रासाठी हा पाठ सहसा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. त्याची तालीम झालेली असते, विद्यार्थ्यांनाही काय विचारले जाणार याचा अंदाज असतो, आणि ठरल्यापेक्षा वेगळे काही घडू नये यासाठीच सगळी खटपट केलेली असते. त्याऐवजी जिथे टाचणात खाडाखोड आहे, जिथे एका तासाचा घटक तीन तास चालला, जिथे शेऱ्यात ‘उद्या पुन्हा घ्या’ असे लिहिले आहे, ती पाने उघडा. तुम्हाला हवा असलेला प्रसंग बहुधा तिथेच असतो.

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका पत्रावरून सांगते. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या एका छात्रशिक्षिकेने पहिल्या मसुद्यात असे लिहिले होते:

‘इंटर्नशिपच्या काळात मी सहावीच्या वर्गाला गणित शिकवले. मी विविध शैक्षणिक साधनांचा आणि विद्यार्थिकेंद्री अध्यापनपद्धतींचा प्रभावी वापर केला. त्यामुळे विद्यार्थ्यांमध्ये गणिताविषयी गोडी निर्माण झाली. वर्गनियंत्रण, वेळेचे नियोजन आणि सांघिक कार्य ही कौशल्ये मी आत्मसात केली.’

यात चुकीचे एकही विधान नव्हते, पण तिच्या तुकडीतल्या कोणत्याही छात्रशिक्षकाने खाली सही केली असती तरी ते खपले असते. मी तिला विचारले, ‘साधन कोणते होते?’ ती म्हणाली, कागदाच्या पट्ट्या. ‘पट्ट्याच का घेतल्यास?’ यावर ती थोडी थांबली आणि मग जे सांगू लागली, तेच खरे पत्र होते. दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता, हे शिकवून झाल्यावर तास संपताना तिने वर्गाला एक चिठ्ठी लिहायला दिली होती: ३/८ आणि ३/५ यांपैकी मोठा कोणता आणि का? छत्तीसपैकी १९ जणांनी ३/८ लिहिले होते, आणि बहुतेकांचे कारण एकच होते: आठ हा पाचापेक्षा मोठा आहे. मुलांनी अपूर्णांक ही एकच संख्या म्हणून न पाहता अंश आणि छेद या दोन सुट्या पूर्ण संख्या म्हणून पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुढचा घटक घ्यायचे तिने टाचण केले होते. ते बाजूला ठेवून तिने सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटल्या, एका पट्टीचे आठ आणि दुसरीचे पाच समान भाग करायला लावले आणि एकेक भाग शेजारी ठेवून बघायला सांगितले.

इथपर्यंत ती आनंदाने बोलत होती. ‘मग सगळ्यांना आले?’ असे मी विचारले, तेव्हा तिचा आवाज खाली आला. त्याच प्रकारचा प्रश्न पुन्हा दिल्यावर फक्त पाच जण चुकले, हे खरे होते. पण तिने त्याच चिठ्ठीवर दुसरा प्रश्नही ठेवला होता: २/३ मोठा की ५/६? त्यात ११ जणांनी २/३ लिहिले. मुलांनी पट्ट्यांवरून ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ असा एक नवा नियम बांधून घेतला होता. अंश सारखे असताना तो चालतो, पण अंश वेगळे असले की तो फसू शकतो. मार्गदर्शक शिक्षिकांशी बोलून तिने तिसऱ्या तासाला वेगळा प्रश्न विचारला: प्रत्येक अपूर्णांक पूर्ण एक व्हायला किती कमी पडतो? २/३ ला १/३ कमी पडतो, ५/६ ला १/६ कमी पडतो. ज्याला कमी पडणारा भाग लहान, तो अपूर्णांक मोठा. त्यानंतर तिचा त्या वर्गावरचा कालावधी संपला आणि पुन्हा तपासायची संधी मिळाली नाही.

हा दुसरा भाग तिने पत्रातून गाळायचे ठरवले होते, कारण तो तिला अपयशाचा वाटत होता. मला मात्र तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. पट्ट्या वाटणे कोणालाही जमते. आपल्याच पाठामुळे मुलांच्या मनात नवी चूक रुजली हे ओळखायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्याइतके भान तिच्याकडे होते. गणित शिकवणारा कोणीही पत्र वाचताना या ओळीपाशी थांबेल, कारण ही चूक त्याने स्वतःच्या वर्गात पाहिलेली असते. शेवटी परिच्छेद असा झाला:

‘सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये मी सहावीच्या ३६ विद्यार्थ्यांना गणित शिकवले. अपूर्णांकांची तुलना शिकवल्यानंतर ३/८ आणि ३/५ यांपैकी मोठा कोणता, असे मी चिठ्ठीवर विचारले, तेव्हा १९ विद्यार्थ्यांनी ३/८ लिहिले. आठ हा पाचापेक्षा मोठा, असे बहुतेकांचे कारण होते. त्यामुळे पुढचा घटक थांबवून मी कागदाच्या पट्ट्यांच्या साहाय्याने हा भाग पुन्हा घेतला. नंतरच्या चिठ्ठीत याच प्रकारच्या प्रश्नात पाच जण चुकले. परंतु २/३ आणि ५/६ यांच्या तुलनेत ११ जणांनी २/३ मोठा ठरवला, त्यावरून माझ्या पाठामुळे “छेद लहान तो अपूर्णांक मोठा” अशी नवी समजूत झाल्याचे लक्षात आले. मार्गदर्शक शिक्षिकांशी चर्चा करून तिसऱ्या तासाला मी प्रत्येक अपूर्णांक एकापेक्षा किती कमी आहे, या दृष्टीने तुलना करून घेतली. त्यानंतर माझा कालावधी संपल्याने ही समज टिकली का, हे मला पाहता आले नाही. तेव्हापासून कोणताही नियम शिकवताना तो जिथे लागू पडत नाही असे एक उदाहरण मी टाचणातच लिहून ठेवते.’

हा परिच्छेद सुमारे सव्वाशे शब्दांचा आहे. संपूर्ण पत्र एका पानात, साधारण तीनशे शब्दांत बसायला हवे, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पत्र एका प्रसंगाला गेले. तिला हे प्रमाण फार वाटले आणि तुम्हालाही वाटेल. इतर कामांचा उल्लेख राहून जाईल ही भीती मी समजू शकते. पण पत्रासोबत परिचयपत्र जोडलेले असते आणि तिथे यादी असतेच. तीच यादी पत्रात वाक्ये करून पुन्हा लिहिली, तर समितीला एकच कागद दोनदा वाचावा लागतो.

परिच्छेदातले शेवटचे वाक्य जरा नीट पाहा. ते कौशल्याचे नाव घेत नाही, सवय सांगते. ‘मी चिंतनशील शिक्षिका आहे’ यावर वाचणाऱ्याने नुसता विश्वास ठेवायचा असतो, तर ‘लागू न पडणारे उदाहरण टाचणात लिहून ठेवते’ हे तो प्रात्यक्षिक पाठाच्या वेळी तुमचे टाचण मागून पाहू शकतो. तुमच्या प्रसंगातूनही अशी एखादी सवय निघाली असेल तरच ती लिहा. निघाली नसेल तर परिच्छेद त्याआधीच्या वाक्यावर संपवला तरी चालतो.

आकड्यांच्या बाबतीत फार काळजी घ्या. जे तुम्ही मोजले होते, तेवढेच लिहा. एकदा मुलाखतीत एका उमेदवाराला मी विचारले होते की, पत्रात ‘संपूर्ण वर्गाची प्रगती झाली’ असे लिहिले आहे, तर आधी किती विद्यार्थ्यांना येत नव्हते? त्याच्याकडे उत्तर नव्हते. तो मुलगा प्रामाणिक होता, आणि पुढच्या दहा मिनिटांत कळले की त्याने वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना रोज मधल्या सुट्टीनंतर शांतपणे वाचायला बसवले होते. ते चार विद्यार्थी पत्रात असते, तर त्याची मुलाखत तिथून सुरू झाली असती. संख्या नोंदवलेली नसेल, तर ‘निम्म्याहून अधिक’ किंवा ‘सुमारे ७० टक्के’ असे अंदाज लिहू नका. त्याऐवजी एका उत्तराचे वर्णन करा. विद्यार्थ्याने वहीत नेमके काय लिहिले होते, हे आकड्याइतकेच भक्कम असते.

‘मी’ कुठे आणि ‘आम्ही’ कुठे, हेही प्रामाणिकपणे ठरवा. इंटर्नशिपमध्ये वर्ग तुमचा नसतो. चाचणी मार्गदर्शक शिक्षकांनी काढलेली असते, तक्ता जोडीदाराने रंगवलेला असतो, शिस्त आधीपासून बसलेली असते. वरच्या परिच्छेदात ‘मार्गदर्शक शिक्षिकांशी चर्चा करून’ हे चार शब्द ठेवल्याने तिचे श्रेय कमी झाले नाही. उलट नव्या शिक्षकाला अडल्यावर विचारता येते, हे त्यातून दिसले, आणि शाळेला पहिल्या वर्षाच्या शिक्षकाबाबत हीच गोष्ट जाणून घ्यायची असते. मार्गदर्शक शिक्षकांचे नाव संदर्भ म्हणून देणार असाल, तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि पत्राची प्रत त्यांना पाठवा, म्हणजे शाळेने विचारणा केल्यास त्यांना प्रसंग आठवेल. विद्यार्थ्यांची नावे मात्र कधीही लिहू नका. एखाद्या मुलाची घरची अडचण, आजार किंवा अध्ययन अक्षमता यांचे असे वर्णनही टाळा, ज्यावरून त्या शाळेतला कोणीही त्याला ओळखेल. मुलाची खासगी गोष्ट अर्जात वापरलेली दिसली की मी तरी तो अर्ज बाजूला ठेवते, मग बाकी मजकूर कितीही चांगला असो.

प्रसंग कोणता निवडायचा, हे अर्धे जाहिरातीवर अवलंबून आहे. जाहिरातीत इयत्ता, विषय आणि कामाचे स्वरूप काय दिले आहे ते पाहा आणि त्याला जवळचा प्रसंग घ्या. मिश्र क्षमतेच्या वर्गांचा उल्लेख असेल, तर अपूर्णांकांचा वरचा प्रसंग चालेल, पण तेव्हा पाच चुकलेल्या मुलांसाठी काय केले याला एक वाक्य जास्त द्यावे लागेल. वर्गशिक्षकाची जबाबदारी अपेक्षित असेल, तर हजेरी, पालकांशी बोलणे किंवा दोन मुलांमधला तंटा मिटवणे यांतला प्रसंग जास्त बोलका ठरेल. इंटर्नशिप एका विषयात आणि अर्ज दुसऱ्या विषयासाठी असेल, तर ते लपवू नका. एका वाक्यात सांगा आणि असा प्रसंग निवडा ज्यात विद्यार्थ्याची चूक ओळखण्याची तुमची पद्धत दिसेल, कारण पद्धत दुसऱ्या विषयातही तुमच्याबरोबर येते.

आता एक अडचण, जी अनेकांची असते आणि सांगायला संकोच वाटतो. काही शाळांत छात्रशिक्षकांना फार कमी शिकवू देतात. ऑफ तास सांभाळणे, पेपर तपासणे, स्नेहसंमेलनाची तयारी करणे यातच दिवस संपतात. असे झाले असेल, तर घेतलेल्या पाठांची संख्या फुगवू नका. ती संख्या तुमच्या दैनंदिनीत आहे आणि ती मागितली जाऊ शकते. पेपर तपासण्याचे काम याबाबतीत फार उपयोगी पडते. एकाच प्रश्नाची चाळीस उत्तरे ओळीने वाचायला मिळणे ही मोठी संधी असते. विज्ञानाच्या पेपरात ‘झाडे अन्न कोठून घेतात’ याला किती जणांनी ‘मुळांतून, मातीमधून’ असे लिहिले, भाषेच्या पेपरात सारांश लिहायला सांगितल्यावर मुलांनी उताऱ्यातली पहिली दोन वाक्ये कशी उतरवली, हे तुम्ही पाहिले असेल. असे लिहा: मला पाठ कमी मिळाले, परंतु अमुक प्रश्नाची उत्तरे तपासताना ही चूक वारंवार दिसली, हा घटक मी शिकवला तर सुरुवात अशी करेन. यात तुम्ही न केलेले काम केल्याचा दावा नाही, आणि तरीही विचार तुमचा आहे.

अनुभवी शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण केले असेल, तर तेही चालते, फक्त ‘पुष्कळ शिकायला मिळाले’ येथे थांबू नका. त्यांनी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबून मग नाव घेतले, चुकीचे उत्तर फळ्यावर लिहून त्यावर चर्चा कशी घडवली, असे एखादे नेमके कृत्य सांगा आणि तुम्ही स्वतः ते करून पाहिले तेव्हा काय जमले नाही, तेही सांगा.

सुरुवात आणि शेवट यांवर फार वेळ घालवू नये. पहिल्या वाक्यात पद, विषय, जाहिरातीचा संदर्भ आणि तुमची पात्रता येऊ द्या. निकाल अजून लागलेला नसेल, तर ‘अंतिम वर्षाचा निकाल प्रलंबित’ असे तिथेच स्पष्ट लिहा. लहानपणापासून शिक्षक व्हायचे होते, हे वाक्य मनापासूनचे असले तरी पत्रात नको. समितीपुढच्या बहुतेक उमेदवारांचे ते मनापासूनचेच असते आणि त्यावरून एकाला निवडून दुसऱ्याला नाकारता येत नाही. शाळेविषयी लिहायचे असेल, तर तिच्या कामातली एखादी ठोस गोष्ट घ्या, जिच्याशी तुमच्या प्रसंगाचा संबंध जोडता येईल. तसे काही सापडले नाही, तर ‘आपल्या नामवंत संस्थेत’ असे लिहिण्यापेक्षा ती जागा मोकळी सोडलेली बरी. शेवटी कधीपासून रुजू होऊ शकता आणि कोणत्या इयत्तांसाठी प्रात्यक्षिक पाठ देण्याची तयारी आहे, हे दोन वाक्यांत लिहून सही करा.

पत्र तयार झाले की नाव झाकून ते तुमच्या इंटर्नशिपच्या जोडीदाराला वाचायला द्या. हा कोणता वर्ग आणि कोणता तास, हे त्याने लगेच ओळखले, तर परिच्छेद नेमका उतरला आहे. त्याला ओळखता आले नाही, तर दैनंदिनीकडे परत जा आणि त्या दिवशी विद्यार्थ्याने वहीत लिहिलेले शब्द जसेच्या तसे शोधून काढा. त्या चिठ्ठ्यांची मोजणी, ते टाचण आणि निरीक्षणाचा शेरा एका फाइलीत एकत्र ठेवा. मुलाखतीला जाताना ती फाइल सोबत न्या, कारण तुम्ही हा प्रसंग लिहिलात की पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.